नेटवर्क असतं, पण सापडतं का? युनिव्हर्सल अप्रॉक्सिमेशन प्रमेय नेमकं काय कबूल करतं

“न्यूरल नेटवर्क कुठलंही फंक्शन शिकू शकतं, हे तर गणितानं सिद्धच झालंय.” मशीन लर्निंगच्या पहिल्या-दुसऱ्या तासाला हे वाक्य कानावर पडतं आणि मग डोक्यात घर करून बसतं. त्यातला ‘कुठलंही’ हा शब्द जरा सैल आहे, पण तो एकवेळ चालवून घेता येईल. ‘शिकू शकतं’ मात्र मूळ प्रमेयात कुठेच नाही. प्रमेय ‘असतं’ या क्रियापदावर थांबतं. ‘असतं’ आणि ‘सापडतं’ यांत किती अंतर पडू शकतं, हे एका साध्या उदाहरणावर मोजूनच दाखवता येतं. ते उदाहरण म्हणजे जिन्यातला दिवा. पण त्याआधी प्रमेय नीट वाचू.

१९८९ साली जॉर्ज सायबेन्को यांनी ते एका रूपात सिद्ध केलं. त्याच वर्षी फुनाहाशी यांनी, आणि हॉर्निक, स्टिंचकोम्ब व व्हाइट या तिघांनी वेगवेगळ्या वाटांनी जवळपास तेच दाखवलं. सोप्या शब्दांत ते असं: एक अखंड फंक्शन घ्या, म्हणजे मध्येच उडी न मारणारं. इनपुटला हद्द घाला, उदाहरणार्थ ० ते १. किती चूक चालेल तेही ठरवा, मग ती ०.०१ असो की ०.००००१. आता एकच मधला लेअर असलेलं, पुरेसे न्यूरॉन असलेलं आणि योग्य वेट्स, म्हणजे न्यूरॉनांच्या जोडण्यांवरचे गुणक, असलेलं एक नेटवर्क असं *असतं*, जे त्या संपूर्ण हद्दीत तुमच्या फंक्शनपासून ठरलेल्या चुकीपेक्षा जास्त कुठेही ढळत नाही.

हे खरं का आहे, ते हातानं करून बघू. आपल्याला x² हे फंक्शन ० ते १ मध्ये हवं आहे. न्यूरॉन आजकाल सर्रास वापरला जाणारा रेलू घेऊ: `relu(z) = max(0, z)`. आत ऋण आकडा गेला तर बाहेर शून्य येतं, धन गेला तर जसाच्या तसा येतो. म्हणजे `relu(x - 0.3)` हा न्यूरॉन ०.३ पर्यंत झोपलेला असतो आणि तिथून पुढे सरळ रेषेत चढायला लागतो. असे न्यूरॉन एकापुढे एक लावले की मोडमोडत जाणारी रेघ मिळते. प्रत्येक न्यूरॉन एका ठिकाणी उतार बदलतो, एवढंच त्याचं काम.

० ते १ चे दहा सारखे तुकडे केले, तर x² चा सरासरी चढ पहिल्या तुकड्यात ०.१, दुसऱ्यात ०.३, तिसऱ्यात ०.५ असा ०.२ नं वाढत जातो. तेव्हा नेटवर्क तयारच आहे:

```
0.1*relu(x) + 0.2*relu(x-0.1) + 0.2*relu(x-0.2) + ... + 0.2*relu(x-0.9)
```

दहा न्यूरॉन. x = ०.३५ टाकून बघा: ०.०३५ अधिक ०.२ गुणिले (०.२५ + ०.१५ + ०.०५), म्हणजे ०.१२५. खरं उत्तर ०.१२२५. चूक ०.००२५, आणि हीच या नेटवर्कची सगळ्यात मोठी चूक आहे, कारण ०.३५ हे एका तुकड्याच्या बरोब्बर मध्यावर आहे. न्यूरॉन दसपट केले की चूक शंभरपट कमी होते. पाहिजे तितके न्यूरॉन घ्या आणि पाहिजे तितके जवळ जा. एका इनपुटपुरता प्रमेयाचा गाभा एवढाच आहे.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. आपण इथे ट्रेनिंग केलंच नाही. डेटा नव्हता, चूक मोजणारा लॉस नव्हता, ती चूक कमी करत नेणारं ग्रेडियंट डिसेंट नव्हतं. फंक्शन आपल्याला आधीच माहीत होतं आणि त्यावरून वेट्स आपण हातानं लिहून काढले. प्रमेय याच अर्थानं खरं आहे.

हद्द घालण्याची अटही सजावटीसाठी नाही. वरच्या नेटवर्कमध्ये x = ३ टाका. खरं उत्तर ९, नेटवर्क देतं ४.८, कारण १ च्या पुढे ते शेवटच्या १.९ च्या चढानं सरळ जात राहतं. हद्दीबाहेर काय होईल याबद्दल प्रमेय एक शब्दही बोलत नाही.

सायबेन्को यांची सिद्धता तर याहून अलिप्त आहे. ती अंतर्विरोधानं जाते: समजा नेटवर्कांनी गाठता न येणारं एखादं फंक्शन शिल्लक राहिलं, तर हान-बानाख प्रमेयामुळे अशी एक गोष्ट निघते जी असूच शकत नाही, म्हणून तसं फंक्शन शिल्लक राहत नाही. बरोबर वेट्स कुठे आहेत, याचा त्या सिद्धतेत मागमूसही नाही. हॉर्निक आणि मंडळींनी आपल्या पेपरमध्ये हे मोकळेपणानं लिहिलंही होतं. प्रत्यक्ष वापरात अपयश आलं, तर त्याचं कारण शिकण्यातली उणीव, मधल्या न्यूरॉनांची अपुरी संख्या किंवा इनपुट-आउटपुटमध्ये ठाम नातंच नसणं, यांत शोधावं असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे ‘शिकणं’ ही बाब लेखकांनी पहिल्याच दिवशी प्रमेयाबाहेर ठेवली होती. पुढे वाक्य तोंडातोंडी फिरताना ती आत शिरली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली की या प्रमेयाचा दरारा बराच कमी होतो. १८८५ साली वायरश्ट्रास यांनी बहुपदींसाठी असंच प्रमेय सिद्ध केलं होतं: बंदिस्त अंतरावरच्या कुठल्याही अखंड फंक्शनच्या हवं तितकं जवळ जाणारी बहुपदी असते. तरी “बहुपदी काहीही शिकू शकते” असं कुणी म्हणत फिरत नाही. १९९३ मध्ये लेश्नो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ॲक्टिव्हेशन फंक्शन, म्हणजे रेलूसारखं न्यूरॉनच्या आत बसणारं फंक्शन, अखंड असेल तर ते फक्त बहुपदी नसलं म्हणजे पुरतं, प्रमेय लागू होतं. इतक्या सहज मिळणारा गुण न्यूरल नेटवर्कच्या यशाचं रहस्य असेल, हे मला तरी पटत नाही.

न्यूरॉन किती लागतील, हा पहिला घोळ. एका इनपुटचे दहा तुकडे केले तेव्हा दहा न्यूरॉन पुरले. दहा इनपुट असतील आणि प्रत्येकाचे दहा तुकडे करून सगळे कप्पे भरत बसलो, तर १००० कोटी कप्पे होतात. सगळीच फंक्शनं इतकी महाग नसतात. अँड्र्यू बॅरन यांनी १९९३ मध्ये अशा फंक्शनांचा एक मोठा वर्ग दाखवला, ज्यांच्यासाठी हा स्फोट होत नाही. म्हणून संख्येचा प्रश्न इथेच सोडतो. कारण नेटवर्क लहान आहे, हातात मावणारं आहे, त्याचे वेट्स कागदावर लिहून दाखवता येतात, आणि तरीही ट्रेनिंग त्याच्यापर्यंत पोचत नाही, असंही होतं. खरी मजा तिथे आहे.

आता जिना. खाली एक स्विच आणि वर एक. कुठलाही दाबा, दिवा पेटला असेल तर विझतो, विझला असेल तर पेटतो. वायरमन त्याला टू-वे स्विच म्हणतात. मधल्या मजल्यांवर इंटरमीडिएट स्विच टाकले की तीन, चार, कितीही जागांवरून तोच दिवा चालवता येतो. असे कितीही स्विच असोत, नियम एकच: ‘चालू’ स्थितीतल्या स्विचांची संख्या विषम असेल तर दिवा पेटतो, सम असेल तर विझतो.

या सम-विषमाची न्यूरल नेटवर्कशी जुनी ओळख आहे. १९६९ साली मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी पर्सेप्ट्रॉन या सुरुवातीच्या न्यूरल नेटवर्कच्या मर्यादा दाखवल्या, त्यात सम-विषम ओळखणं हे ठळक उदाहरण होतं. तेव्हाची अडचण अशी की मधला लेअर नसलेल्या साध्या पर्सेप्ट्रॉनमध्ये हे फंक्शन मावतच नव्हतं. मधला लेअर आला आणि ती अडचण गेली. तिच्या जागी कोणती आली, ते आता बघू.

भिंतीवर ३० स्विचांचा एक बोर्ड आहे असं समजा. त्यातले काही दिव्याला जोडलेले आहेत, बाकीचे नुसते शोभेचे. कुठले जोडलेले आहेत हे फक्त वायरमनला माहीत. आपल्याला मिळतात बोर्डाचे फोटो. प्रत्येक फोटोत सगळे स्विच नाणं उडवून ठरवल्यासारखे कसेही लावलेले आहेत आणि दिवा पेटलाय की नाही ते दिसतंय. स्वतः जाऊन एकेक स्विच दाबून बघायची परवानगी नाही, नाहीतर काम पाच मिनिटांचंच आहे. एवढ्या फोटोंवरून, नवा बोर्ड दिसल्यावर दिवा पेटेल की नाही, हे नेटवर्कनं सांगायचं आहे.

असं नेटवर्क असतं का? असतं, आणि अगदी चिमुकलं असतं. जोडलेल्या स्विचांपैकी किती चालू आहेत त्याची बेरीज s धरा. आपल्याला ०, १, ०, १, ० अशी करवतीसारखी वरखाली जाणारी रेघ हवी आहे. मोडणारी रेघ म्हणजे रेलूचंच काम:

```python
import numpy as np
relu = lambda z: np.maximum(z, 0)

def diva(x, S):              # S: जोडलेल्या स्विचांचे क्रमांक
    s = x[:, S].sum(axis=1)
    out = relu(s)
    for j in range(1, len(S)):
        out = out + (-1)**j * 2 * relu(s - j)
    return out
```

s = ३ धरून पडताळा: ३ वजा ४ अधिक २ म्हणजे १, दिवा पेटला. s = ४: ४ वजा ६ अधिक ४ वजा २ म्हणजे ०, विझला. जोडलेले स्विच १५ असतील तर १५ न्यूरॉन पुरे, आणि उत्तर जवळपास नव्हे, तंतोतंत. प्रमेयानं जे कबूल केलं होतं, त्याहून जास्तच मिळालं.

फोटोंमध्ये पुरेशी माहिती नसेल, अशी शंका येईल. तीही दूर करू. प्रत्येक फोटो हे एक समीकरण आहे. अज्ञात ३०: प्रत्येक स्विच जोडलेला आहे की नाही. फोटोत चालू दिसणाऱ्या स्विचांपैकी जोडलेल्यांची संख्या सम की विषम, ते दिवा सांगतो. शाळेत दोन चलांची समीकरणं एकमेकांतून वजा करून सोडवायचो, तीच रीत इथे फक्त सम-विषमाच्या हिशेबानं चालते. साधारण ४० फोटो मिळाले की वायरमनचं गुपित जवळजवळ खात्रीनं उघडं पडतं, आणि संगणकाला त्याला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

म्हणजे नेटवर्क आहे, लहान आहे, आणि डेटात उत्तर आहे. आता हे काम ग्रेडियंट डिसेंटला देऊ.

ग्रेडियंट डिसेंट काय करतं? ते प्रत्येक वेटला विचारतं: तुला एवढंसं हलवलं, तर नेटवर्कचं उत्तर दिव्याच्या दिशेनं सरकतं की विरुद्ध? एका फोटोत सरकेल, दुसऱ्यात उलट जाईल. सगळ्या फोटोंची सरासरी काढून जो कल दिसेल त्या दिशेनं ते वेट थोडं सरकवलं जातं. अंधारात डोंगर उतरताना पायानं उतार चाचपावा तसं. हे काम करतं, पण एका अटीवर: पायाला उतार जाणवला पाहिजे.

सम-विषमात तो का जाणवत नाही ते बघा. समजा १५ स्विच जोडलेले आहेत आणि त्यांपैकी १४ तुम्हाला कळले. आता दिव्याबद्दल तुम्हाला किती कळलं? शून्य. उरलेला पंधरावा स्विच चालू की बंद हे नाणं उडवल्यासारखं असल्यानं दिवा अजूनही निम्म्या वेळा पेटलेला, निम्म्या वेळा विझलेला. अर्धवट उत्तराला अर्धे गुण नाहीत. पूर्ण गुपित हाती येईपर्यंत प्रत्येक अंदाजाची किंमत सारखीच. उतार नाही, सगळं पठार. आणि या अफाट पठारावर कुठेतरी एकच अरुंद विहीर.

हे पठार किती सपाट, ते आकड्यात सांगता येतं, आणि त्यासाठी पायथागोरसच पुरतो. ३० स्विचांत गुपितं किती? प्रत्येक स्विच जोडलेला किंवा न जोडलेला, म्हणजे २ चा ३० वा घात: १०७ कोटी ३७ लाखांच्या वर. प्रत्येक गुपिताचा दिव्याचा एक नमुना: बोर्डाच्या कुठल्या स्थितीत दिवा पेटतो, कुठल्या नाही. पेटलेल्याला +१ आणि विझलेल्याला −१ म्हणा, की हे सगळे नमुने गणिताच्या भाषेत एकमेकांना काटकोनात येतात. कुठलीही दोन गुपितं घ्या, त्यांचे दिवे बरोब्बर निम्म्या स्थितींत जुळतात आणि निम्म्या स्थितींत जुळत नाहीत.

आता नेटवर्कमधलं एक वेट घ्या. ते हलवल्यानं प्रत्येक स्थितीत उत्तर किती सरकतं, हाही एक नमुनाच. त्याला एक लांबी असलेला बाण समजा, लांबी १ धरू. या बाणाची सावली खऱ्या गुपिताच्या अक्षावर जितकी पडेल, तितकाच त्या वेटला गुपिताचा सुगावा. पण अक्ष आहेत १०७ कोटी, सगळे काटकोनात, आणि सगळ्या सावल्यांच्या वर्गांची बेरीज १ पेक्षा जास्त होऊच शकत नाही. म्हणजे एका अक्षाच्या वाट्याला सरासरी १०७ कोटीवा भाग. त्याचं वर्गमूळ काढलं की सावली येते साधारण ३२,७६८ वा भाग, म्हणजे ०.००००३. एखाददुसऱ्या गुपितावर बाण नेमका रोखलेला असू शकेल, पण ते गुपित वायरमनचंच असण्याची शक्यता लॉटरीसारखी.

आता याच्या शेजारी गोंगाट ठेवा. एका वेळी १००० फोटोंवरून सरासरी काढली, तर नुसत्या योगायोगानं येणारी डळमळ १००० च्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे ०.०३ च्या आसपास असते. सुगावा ०.००००३, गोंगाट त्याच्या हजारपट. गोंगाट सुगाव्याइतका खाली आणायचा तर १०० कोटींच्या वर फोटो लागतील, आणि बोर्डाच्या एकूण स्थितीही तेवढ्याच आहेत. तेवढे फोटो जमवणाऱ्यानं नेटवर्कच्या नादी लागू नये, सरळ कोष्टक छापावं.

या हिशेबात मी नेटवर्कच्या आकाराबद्दल काहीच धरलं नाही, हे ध्यानात घ्या. १५ न्यूरॉनांऐवजी १५,००० घेतले, लेअर वाढवले, लर्निंग रेट बदलला, तरी प्रत्येक वेटचा बाण त्याच १०७ कोटी अक्षांच्या गर्दीत उभा असतो. पहिल्या पावलानंतर परिस्थिती सुधारेल असंही नाही, कारण पहिलं पाऊल गोंगाटानंच ठरवलेलं असतं आणि नव्या जागीही गुपिताबद्दल तितकंच अज्ञान असतं. शालेव-श्वार्ट्झ, शमीर आणि शमा यांनी २०१७ मध्ये ग्रेडियंटवर चालणाऱ्या शिकण्याच्या अपयशांवर लिहिताना हाच युक्तिवाद नीट मांडला.

हे घरच्या लॅपटॉपवर करून बघता येतं, पण करताना एक फसगत टाळायला हवी. १००० फोटो एकदाच काढले आणि तेच ते पुन्हा पुन्हा दाखवले, तर पुरेसं रुंद नेटवर्क ते घोकून टाकतं. ट्रेनिंग लॉस शून्याकडे जातो, आपल्याला वाटतं जमलं. नव्या फोटोंवर बघावं तर उत्तर निम्म्या वेळाच बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. घोकंपट्टी उघडी पाडायची तर प्रत्येक पावलाला ताजे फोटो द्यावेत. तसं केलं की खरा चेहरा दिसतो: क्रॉस-एन्ट्रॉपी लॉस `0.693` च्या आसपास येऊन बसतो आणि हलत नाही. हा आकडा ओळखीचा करून घेण्यासारखा आहे. तो २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम आहे. हो-नाहीचं प्रमाण निम्मं-निम्मं असताना लॉस तिथे अडकला, तर समजावं की नेटवर्क “कोण जाणे, पन्नास टक्के” एवढंच सांगायला शिकलंय. वर्गचूक मोजत असाल तर तोच अडकण्याचा आकडा `0.25`.

मग दोष जागेचा की शोधाचा, हे कसं ओळखायचं? अशा कृत्रिम प्रश्नात एक सरळ उपाय आहे. वरचे हातानं लिहिलेले वेट्स नेटवर्कमध्ये भरा आणि तिथून ट्रेनिंग चालू करा. वर्गचूक शून्यावरच राहिली, तर नेटवर्कमध्ये उत्तर मावतं हे नक्की झालं, आणि आधीचं अपयश वाटेचं होतं, मुक्कामाचं नव्हे. दुसरा उपाय म्हणजे प्रश्न लहान करून हळूहळू वाढवणं. जोडलेले स्विच २ किंवा ३ असतील तर ग्रेडियंट डिसेंट ते पकडतं, कारण ३० मधून ३ निवडण्याचे प्रकार ४०६० च आहेत आणि सावली तेवढी बारीक राहत नाही. संख्या वाढवत नेली की कुठेतरी शिकायला लागणारा वेळ एकदम आकाशाला भिडतो. नेटवर्कची जागा तीच असते, गुपित फक्त थोडं मोठं झालेलं असतं.

फंक्शन तेच ठेवून नुसते फोटो बदलले तरी चित्र पालटतं, आणि मला या सगळ्यात हेच सर्वांत बोलकं वाटतं. नाणं उडवण्याऐवजी स्विच बहुतेक बंद ठेवू, प्रत्येक चालू असण्याची शक्यता फक्त १० टक्के. आता १५ पैकी १४ जोडलेले स्विच माहीत नसले तरी पंधरावा एकटाच दिव्याकडे थोडा इशारा करतो. तो बंद असताना दिवा विझलेला असण्याकडे कल, चालू असताना पेटलेला असण्याकडे. कल किती? ०.८ चा १४ वा घात, म्हणजे सुमारे ०.०४४. दिसायला किरकोळ, पण ०.००००३ च्या हजारपटीहून जास्त, आणि काही हजार फोटोंत स्वच्छ दिसणारा. प्रत्येक जोडलेला स्विच आता स्वतंत्रपणे हात वर करतो, शोभेचा स्विच करत नाही. पठाराला उतार आला. युनिव्हर्सल अप्रॉक्सिमेशन प्रमेयाला या दोन परिस्थितींतला फरक दिसतच नाही. त्याच्या लेखी फंक्शन एक, नेटवर्क एक, विषय संपला.

मांजराचे फोटो ओळखणं जमतं ते याच कारणानं. नुसता कान दिसला तरी मांजर असण्याची शक्यता वाढते, मिशा दिसल्या की आणखी वाढते. अर्धवट ज्ञानाला अर्धवट गुण मिळतात, उतार पायाला लागतो.

सम-विषम हे मुद्दाम रचलेलं कोडं, प्रत्यक्षात कुठे असं होतं, असं कुणी म्हणेल. एक तर वरच्या x² मध्येच होतं, लहान प्रमाणात. सुरुवातीचे वेट्स नशिबानं `relu(x - 3)` सारखे आले, तर ० ते १ मध्ये तो न्यूरॉन कायम शून्य. शून्याचा उतारही शून्य, म्हणजे तो कधी हलणारच नाही. अशा न्यूरॉनला या धंद्यात सरळ ‘मेलेला’ म्हणतात. मोजताना दहा न्यूरॉन, कामाला येणारे सहाच, असं सहज होऊ शकतं.

आणि मोठ्या प्रमाणावर झालेला दाखला २०१५ सालचा आहे. कायमिंग हे या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी सीफार-१० या चित्रसंग्रहावर २० लेअरचं आणि ५६ लेअरचं साधं नेटवर्क शिकवून बघितलं. ५६ वाल्याची चूक जास्त निघाली, आणि ती फक्त नव्या चित्रांवर नव्हे, ट्रेनिंगच्या चित्रांवरसुद्धा. घोकंपट्टीचा आरोप इथे लागू पडत नाही. जागेचाही नाही, कारण मोठ्या नेटवर्कमध्ये लहान नेटवर्क मावतं: पहिले २० लेअर तसेच घ्यायचे आणि उरलेल्या ३६ लेअरनी आलेलं जसंच्या तसं पुढे सोडायचं. इतकं सोपं उत्तर तिथे होतं. ट्रेनिंगला ते सापडलं नाही, कारण ‘काहीच करू नकोस’ हे काम वेट्सच्या भाषेत सोपं नाही. आलेलं जसंच्या तसं बाहेर पडावं म्हणून प्रत्येक आकडा अचूक बसावा लागतो.

त्यांनी केलेला उपाय म्हणजे रेस्नेट. दर दोनेक लेअरना वळसा घालणारी एक वाट ठेवली, जिच्यावरून इनपुट न बदलता पुढे जातं आणि लेअर त्यात फक्त आपली भर घालतात. आता काहीच करायचं नसेल तर वेट्स शून्याजवळ नेले की झालं. या वळणवाटेनं जागा वाढली नव्हती, ती आधीच पुरेशी होती. वाढलं ते एवढंच की सोपं उत्तर सुरुवातीच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर आलं, आणि ११० लेअरचं नेटवर्कही त्याच सीफार-१० वर शिकू लागलं.